आजीच्या लुगड्यावरचा उजेड

सकाळी सव्वानऊला शटर वर केलं तेव्हा आमच्याकडे शिकायला येणारी मुलगी आधीच पायरीवर बसली होती. काल रात्री उशिरापर्यंत तिने एक फोटो तयार केला होता आणि तो कधी दाखवते असं तिला झालं होतं. कराडजवळच्या एका गावातले गिऱ्हाईक. आजीचं वर्षश्राद्ध उद्या. फ्रेमसाठी आजीचा एकच स्वच्छ फोटो सापडला, पण त्यात आजी गाऊनमध्ये आहे. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई शेवटच्या आजारपणात गाऊनवर आली आणि नेमका तोच फोटो चांगला निघाला. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की तिला लुगड्यात बसवा, डोक्यावर पदर हवा.

मुलीने संगणक लावला. तयार साच्यांच्या संग्रहातली पैठणी तिने आजीच्या मानेखाली नीट बसवली होती. कडा स्वच्छ कापल्या होत्या, रंगही जुळवले होते. तरी बघताक्षणी कळत होतं की चेहरा एकीकडचा आणि साडी दुसरीकडची.

‘‘दादा, कुठं चुकतंय ते कळत नाही. सावली पण दिलीय मी.’’

सावली दिली होती म्हणजे साडीच्या थराला ‘ड्रॉप शॅडो’ लावली होती. आमच्या धंद्यात हे फार चालतं आणि तिथेच घात होतो. ड्रॉप शॅडो म्हणजे कापडाच्या आकाराची एक काळी नक्कल, थोडी सरकवून खाली ठेवलेली. कागदाचा तुकडा टेबलापासून बोटभर वर धरला तर जशी सावली पडेल तशी ती पडते, सगळीकडे सारख्याच अंतरावर. अंगावरचं कापड असं तरंगत नाही. ते मानेला चिकटतं, खांद्यावर टेकतं, गळ्याशी जरा सुटतं. आणि गळ्यापाशी सावली टाकणारी खरी वस्तू साडी नसतेच, हनुवटी असते. हनुवटीची सावली साडीवर पडायला हवी, आणि ती ड्रॉप शॅडो कधीच देत नाही.

मी तिला विचारलं, ‘‘गाऊन कुठं आहे?’’

‘‘पुसला की.’’

मूळ फोटो परत उघडायला सांगितला. जुना कपडा हा उजेडाचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार असतो. तो त्याच माणसाच्या अंगावर, त्याच क्षणी, त्याच उजेडात होता. त्याची जबानी घेतल्याशिवाय त्याला हलवायचं नाही.

दहा वाजता नातवाला फोन केला. त्याने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत आला होता, म्हणजे आकाराने लहान आणि चेहऱ्यावर चौकोनी डाग. ज्याच्या फोनमध्ये काढला त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं. आणखी एक विचारलं, आजीचं एखादं लुगडं घरात आहे का? आहे म्हणाला. इरकली, हिरवं, ट्रंकेत ठेवलंय. मग ते घेऊनच या म्हटलं.

साडेदहाला पुण्याहून त्याच्या बहिणीने मूळ फाईल पाठवली. आता डोळ्यांवर पूर्ण मोठं करून बघता येत होतं. इथे एक स्पष्ट करतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. मी उजवं-डावं म्हणेन ते आजीचं उजवं-डावं. बघणाऱ्याला ते उलट दिसतं.

आजीच्या दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा ठिपका होता. ठिपका कसला, उभी पट्टी. ती बुबुळाच्या वरच्या टोकाला नव्हती. बुबुळाला घड्याळाची तबकडी समजलं तर नऊ आणि दहाच्या मध्ये होती. म्हणजे उजेड आजीच्या उजवीकडून आला, डोक्यावरून नाही, आणि ज्यातून आला ते उंच, अरुंद होतं. खिडकी नव्हे, दार. नातवाला नंतर विचारलं तर ओसरीच्या दाराशी खुर्ची टाकून काढलेला फोटो निघाला.

या एका पट्टीने निम्मं काम झालं. कारण उजेड वरून आला असं धरून जवळजवळ सगळे हनुवटीची सावली सरळ खाली, गळ्याच्या मधोमध रंगवतात. दाराचा उजेड बाजूने येतो. त्याची सावली मानेवर तिरकी, डाव्या अंगाला जाते. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिच्या प्रत्येक मण्याची छोटी सावली मण्याच्या डावीकडेच पडली होती. नाकाची सावलीही डाव्या गालात विरत गेली होती. तिन्ही साक्षी एकच सांगत होत्या. या सावल्यांच्या कडा मऊ होत्या, एक रेघ अशी कुठेच नव्हती, म्हणजे दारातून ऊन आत आलं नव्हतं, नुसता आभाळाचा उजेड आला होता.

आता गाऊन. फिकट साय रंगाचा, बिननक्षीचा. अशा कापडावर उजेड मोजता येतो. फोटोशॉपमध्ये ‘इन्फो’ची चौकट उघडली की बाण जिथे नेऊ तिथला उजळपणा आकड्यात दिसतो, शून्य म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. आजीच्या उजव्या खांद्यावर २१० च्या आसपास आणि डाव्या खांद्यावर १२० आला. एकाच कापडाचे दोन खांदे, मध्ये जेमतेम हातभर अंतर, आणि एवढा उतार. दार लांब असतं तर दोन्ही खांदे जवळपास सारखे उजळले असते. आजी दाराला अगदी लागून बसली होती.

मुलीने लावलेली पैठणी याच्या अगदी उलट होती. साच्यातल्या साडीवर उजेड डावीकडून होता. डाव्या खांद्यावरच्या पदराची जर चमकत होती, आणि तोच खांदा आजीच्या फोटोत अंधारात होता.

‘‘मग साडी आडवी उलटी करू?’’ तिने विचारलं.

‘फ्लिप हॉरिझाँटल’ केलं की उजेड जुळतो खरा. पण पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो. पुढून उजव्या खांद्यावर आलेला पदर बघून घरचे म्हणतील, आमची आजी गुजराथी कधी झाली? पुरुषांच्या कोटाचंही तेच. उलटा केला की वरचा खिसा उजव्या छातीवर जातो आणि बटणपट्टी उलट्या बाजूने मिटते. सुरुवातीच्या काळात मी असा एक कोट उलटा करून दिला होता. त्या घरात एक शिंपी होता. त्याने फोटो हातात घेतला आणि काही न बोलता बोट खिशावर ठेवलं. तो फोटो मी परत करून दिला, आणि तेव्हापासून कपडा उलटवण्याआधी खिसा, बटण आणि पदर बघतो.

उलटं न करता साडीवरचा उजेडच रंगवून बदलायचा, हा दुसरा मार्ग. साध्या सुती कापडाला तो चालतो. एका बाजूला गडद करायचं, दुसऱ्या बाजूला उजळ करायचं, जमतं. जर किंवा रेशीम मात्र ऐकत नाही. त्याची चमक म्हणजे उजेडाचं प्रतिबिंब, ते घडीच्या नेमक्या कुठल्या कडेवर पडेल हे उजेडाच्या दिशेवर ठरतं. डावीकडची चमक दाबली तर कापड मळकट दिसतं, आणि उजवीकडे नवी चमक कुठल्या घडीवर काढायची हे आपल्याला माहीत नसतं.

म्हणून मी म्हटलं, लुगडं नव्याने फोटोतच घेऊ, त्याच उजेडात. माझे वडील हाच स्टुडिओ चालवायचे. तेव्हा आत खुंटीला एक काळा कोट आणि एक टाय कायम टांगलेला असायचा. गिऱ्हाईक तो चढवून बसायचं. मापात बसत नसला तरी त्या कोटावर आणि त्या चेहऱ्यावर दिवा एकच असायचा, त्यामुळे चिकटवल्यासारखा तो कधीच दिसला नाही.

साडेबाराला नातू लुगडं घेऊन आला. गर्द हिरवं, तांबडा पदर, त्यावर पांढऱ्या टोकांची नक्षी, कडेला रेशमी काठ. डांबरगोळ्यांचा वास येत होता. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं. अंगकाठी आजीसारखीच, आणि रोजच्या नऊवारीतल्या. घड्या तशाच राहू दे का, म्हणून त्यांनी विचारलं. थोडं झटकून घ्या म्हटलं, ट्रंकेतल्या चौकोनी घड्या फोटोत उठतात.

स्टुडिओच्या मागे बोळात उघडणारं एक दार आहे. तिथे ऊन येत नाही. त्याचं एक फळकूट लावून घेतलं, म्हणजे उजेडाची पट्टी आजीच्या डोळ्यांतल्यासारखी उभी आणि अरुंद झाली. काकूंना उजवं अंग दाराकडे करून बसवलं. कॅमेरा न घेता मुद्दाम फोनच घेतला, कारण फोन उजळ आणि गडद भाग आपल्या पद्धतीने दाबतो, आणि आजीचा फोटोही फोनचाच होता. नातवाच्या बहिणीने तो उभ्याने काढला होता, आजी बसलेली. म्हणून मीही उभा राहिलो, नाहीतर खांदे वेगळ्याच कोनातून दिसले असते.

‘‘बाळा, मी हसू का नको?’’ काकू म्हणाल्या.

‘‘काकू, चेहरा तुमचा येणारच नाही.’’

‘‘मग बरं. केस विंचरले न्हाईत मी.’’

हिरव्या कापडावरचे आकडे साय रंगाच्या गाऊनशी ताडून बघता येत नाहीत. म्हणून काकूंच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरा रुमाल ठेवला आणि चाचणीचा फोटो काढला. उजवा २१२, डावा ८८. उतार फार झाला होता. आजीच्या ओसरीत डावीकडे चुन्याची पांढरी भिंत होती, तिच्यावरून उजेड परतून डाव्या अंगाला मिळत होता. माझ्या खोलीत डावीकडे निळा पडदा आहे. पडदा सारून थर्माकोलचा मोठा तुकडा मुलीला धरायला लावला. दोन हातांवरून ९७, एका हातावरून ११८. तिथेच थांबवलं. रुमाल काढले, पदर डोक्यावर घेतला, काकूंनी त्यांची तुळशीची माळ घातली, आणि पंधरा-वीस फोटो काढले. मान वळवण्यात केसभर फरक पडला तरी पदराची घडी बदलते, म्हणून जास्त घेऊन ठेवावेत.

दोन वाजता जेवलो. नातवाला सातला यायला सांगितलं.

अडीचला जोडणीला बसलो. मुलगी शेजारी. आजीचा चेहरा, कान, केस आणि मान मूळ फोटोतली ठेवली. म्हाताऱ्या माणसाची मान दुसऱ्याची लावायची नाही, तिथल्या सुरकुत्या घरच्यांना पाठ असतात. लुगडं तिच्याभोवती बसवलं आणि कडा मास्कने झाकल्या, पुसल्या नाहीत. उजेड एकच असल्यामुळे सावल्या न घालताही चित्र बरंचसं जुळून आलं. पण काकूंच्या अंगावरच्या सावल्या काकूंच्या हनुवटीच्या होत्या. आजीची हनुवटी जरा पुढे आणि डोकं जरा झुकलेलं. म्हणजे जिथे दोन माणसं एकमेकींना भेटतात, तिथल्या सावल्या हाताने कराव्या लागणार होत्या.

पहिली म्हणजे टेकण्याची सावली. चोळीचा गळा आणि आजीची मान जिथे चिकटतात तिथे उजेड शिरतच नाही, म्हणून तिथे एक बारीक, गडद रेघ असते. चार-पाच पिक्सेल रुंद, बस. उजेड कुठूनही आला तरी ही असतेच, आणि ही नसली की कापड अंगापासून सुटल्यासारखं वाटतं. ती सगळीकडे सारखी मात्र ओढायची नाही. गळ्याच्या खड्ड्यात चोळी थोडी सुटते, तिथे रेघ फिकट आणि रुंद होते.

दुसरी पडलेली सावली. हनुवटीची सावली आजीच्या मानेवरून तिरकी डावीकडे उतरत होती, आणि जुन्या फोटोत ती गाऊनच्या गळपट्टीवर संपत होती. गाऊन तात्पुरता दाखवून तिची बाह्यरेषा कुठे होती ते बघितलं, आणि त्याच वाटेने ती चोळीच्या डाव्या बाजूवर नेली. मऊ ब्रश, दहा टक्क्यांच्या आतला प्रवाह, एकावर एक चार-पाच हात. थर ‘मल्टिप्लाय’वर. मुलगी काळा रंग घेऊन बसली होती, तो बदलायला लावला. काळ्या रंगाची सावली राखेसारखी दिसते. आजीच्या मानेवरची मूळ सावली तपकिरी-तांबूस होती. तो रंग तिथूनच उचलला, त्वचेवर तोच वापरला आणि कापडावर हिरवाच अधिक गडद घेतला. सावलीत हिरवं कापड हिरवंच राहतं.

डोक्यावरच्या पदरापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. इथे कोण कोणावर सावली टाकतं हे दोन्ही बाजूंना वेगळं आहे. उजवीकडे पदराची कड दार आणि केस यांच्या मध्ये येते, म्हणून कापडाची सावली आजीच्या केसांवर आणि कानाच्या वरच्या टोकावर पडते. डावीकडे उलटं. तिथे पदराची आतली बाजू दाराकडे तोंड करून आहे, तिच्यावर उजेड यायला हवा, पण मध्ये आजीचं डोकं आहे. म्हणून तिथे डोक्याची सावली कापडावर पडते आणि पुढच्या कडेचा बोटभर भाग तेवढा उजळ राहतो. डावीकडचं काम काकूंच्या डोक्याने आयतं करून ठेवलं होतं. उजवीकडचं मुलीने केलं. पहिल्यांदा तिने दोन्ही बाजूंना सारखी सावली दिली आणि चेहरा लगेच खिडकीतून डोकावल्यासारखा झाला. मग तिची तीच थांबली, उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि मागच्या दाराशी जाऊन फोनच्या आरशात बघून आली. परत येऊन डावीकडची पुसली.

साडेचारला चहा घेताना ती म्हणाली, ‘‘दादा, आता सगळं जुळलंय, तरी हनुवटीखाली काहीतरी उजळ वाटतंय.’’

तिचं बरोबर होतं आणि मला तिचं कौतुक वाटलं, कारण हे कळायला मला बरीच वर्षं लागली होती. आजीने फिकट गाऊन घातला होता. दाराचा उजेड त्या फिकट कापडावर पडून खालून हनुवटीला मिळत होता. आता छातीवर गर्द हिरवं लुगडं आहे, ते उजेड परत देत नाही. म्हणजे नव्या कपड्यामुळे चेहराही बदलायला हवा. जबड्याच्या खालच्या भागावर ‘कर्व्ह्ज’ने उजळपणा दहा-बारा आकड्यांनी उतरवला, कड विरघळेल इतकी मऊ ठेवली. आणि डाव्या गालाजवळ तांबडा पदर आहे, त्याच्या उजळ कडेवरून तांबूस छटा गालाच्या अंधाऱ्या भागावर येते. ती अगदी नावाला दिली. वेगळी दाखवली तर दिसणार नाही, काढली तर कमी वाटेल, इतकीच. पांढऱ्या कापडाजागी काळं किंवा काळ्याजागी पांढरं येतं तेव्हा हे करावंच लागतं. पांढऱ्या शर्टावरच्या माणसाला काळा कोट चढवला आणि हनुवटी तशीच ठेवली तर ती खालून बॅटरी मारल्यासारखी राहते.

साडेपाचला तपासणी. वरती एक कृष्णधवल थर टाकला, म्हणजे रंगाची भुरळ जाते आणि नुसता उजेड दिसतो. लुगड्याच्या घड्यांतला काळेपणा आजीच्या केसांतल्या सगळ्यात काळ्या जागेपेक्षाही जास्त होता. आजीचा फोटो जरा धुरकट आहे, त्यात पूर्ण काळं कुठेच नाही. लुगड्याच्या थराचा काळा ‘लेव्हल्स’ने किंचित वर उचलला. लुगडं चेहऱ्यापेक्षा जास्त रेखीवही होतं, काठाचा धागा न् धागा मोजता येत होता. त्याला अर्धा पिक्सेल धूसर केलं आणि चेहऱ्यावर जेवढा रवाळपणा होता तेवढाच त्यावर टाकला. मग सगळं चित्र आडवं उलटून बघितलं. सतत बघून डोळा सरावतो, उलटं केलं की खटकणारी जागा आपोआप पुढे येते. माळेच्या जोडापाशी एका मण्याची सावली चुकीच्या बाजूला होती. तो मणी काकूंच्या माळेतला, मी वाकवताना फिरला होता. दुरुस्त केला.

सव्वासहाला लहान छपाई काढली. पडद्यावर दिसणाऱ्या सावल्या कागदावर जास्त बसतात. हनुवटीखालची सावली पडद्यावर नेमकी होती, कागदावर दाढीसारखी आली. तो थर एक तृतीयांशाने हलका केला आणि दुसरी काढली. ती ठीक होती. मग १२ बाय १८ ची मोठी छपाई लावली.

नातू सातला आला, सोबत त्याची आई. फोटो काउंटरवर ठेवला. बाईंनी तो उचलून दिव्याखाली धरला, बराच वेळ बघितला, मग लुगड्याच्या काठावर एका जागी बोट ठेवलं.

‘‘हितं डाग होता हळदीचा. तो पण आलाय.’’

मी म्हटलं, काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे.

‘‘नगं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या.’’

लुगडं घडी करून पिशवीत घालून दिलं. मुलगी गाऊनसकटची मूळ फाईल वेगळ्या नावाने साठवत होती. आठ वाजता शटर खाली ओढलं.